सार्वजनिक वस्तू आणि फुकटे: बाजार कमी का पुरवतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांमध्ये दीपगृहाचंच उदाहरण घेतलं आहे. अर्थशास्त्रात या विषयावरचा एक जुना, गाजलेला वाद त्यावरच झाला, आणि त्यातले आकडे हातानं तपासून पाहता येतात. प्रश्न ३ मधला तक्ता पुढे अनेकदा लागेल.

१. सार्वजनिक वस्तू म्हणजे सरकार पुरवतं ती वस्तू का?

नाही. वस्तू कोण पुरवतं यावर ते ठरत नाही, ती कशी वापरली जाते यावर ठरतं. त्यासाठी दोन कसोट्या आहेत. पहिली: एकानं वापरल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतं का? दीपगृहाचा उजेड दहा जहाजांनी पाहिला म्हणून अकराव्या जहाजाला तो मंद दिसत नाही. दुसरी: पैसे न देणाऱ्याला परवडेल अशा खर्चात दूर ठेवता येतं का? समुद्रावर पडलेला उजेड ठरावीक जहाजांपासून लपवता येत नाही. दोन्ही कसोट्यांना उतरते ती शुद्ध सार्वजनिक वस्तू.

टपालसेवा कित्येक देशांत सरकार चालवतं, पण तिकीट नसलेलं पत्र अडवता येतं. त्यामुळे या अर्थानं ती सार्वजनिक वस्तू नाही. उलट एखाद्यानं स्वखर्चानं नदीकाठी पूरबंधारा बांधला आणि मागची सगळी वस्ती वाचली, तर बांधणारा खासगी असला तरी ते संरक्षण सार्वजनिक वस्तूच आहे.

२. फुकट्या म्हणजे नक्की कोण? पैसे न देणारा प्रत्येक जण का?

ज्याला वस्तूचा उपयोग आहे, तिच्यासाठी काही मोजायची ज्याची तयारीही आहे, पण इतरांच्या पैशावर ती मिळतेच आहे म्हणून जो हात आखडता घेतो, तो फुकट्या. ज्याला उपयोगच नाही तो यात बसत नाही. त्या किनाऱ्याजवळून ज्याचं जहाज कधी जातच नाही, त्यानं दीपगृहाला पैसे दिले नाहीत तर त्यात गैर काही नाही.

अडचण अशी की बाहेरून हे दोघे सारखेच दिसतात. दोघंही म्हणतात, "मला नको." खरं कोण बोलतोय हे कळायला मार्ग नसतो, आणि पुढचे बरेच पेच इथूनच सुरू होतात.

३. मग बाजार अशा वस्तू अजिबात पुरवत नाही का?

हा सर्वात जास्त आढळणारा गैरसमज. बाजार पुरवतो, पण कमी पुरवतो. किती कमी, ते आकड्यांत पाहू.

समजा, एका खडकाळ किनाऱ्यावरून अ, ब आणि क या तीन जहाज कंपन्यांची जहाजं जातात. दीपगृह उभं आहे, प्रश्न रोज रात्री किती तास दिवा पेटवायचा एवढाच आहे. दर तासाला १० एकक खर्च येतो. धोक्याची वेळ आधी झाकली जाते, म्हणून प्रत्येक पुढच्या तासाचा उपयोग आधीच्यापेक्षा कमी होत जातो.

| तास | अ ला मोल | ब ला मोल | क ला मोल | एकूण मोल | खर्च |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | १४ | १० | ६ | ३० | १० |
| दुसरा | ११ | ८ | ५ | २४ | १० |
| तिसरा | ८ | ६ | ४ | १८ | १० |
| चौथा | ५ | ४ | ३ | १२ | १० |
| पाचवा | २ | २ | २ | ६ | १० |

प्रत्येकानं फक्त आपला हिशेब केला तर काय होईल? अ ला पहिला तास १४ चा आणि दुसरा ११ चा आहे. दोन्ही १० पेक्षा जास्त, म्हणून तो एकटाच दोन तासांचे २० एकक भरेल. तिसरा तास त्याला ८ चाच आहे, तिथे तो थांबेल. ब ला तिसरा तास ६ चा, क ला ४ चा. त्यासाठी १० मोजायला दोघंही पुढे येणार नाहीत. दिवा दोन तासांनी विझेल.

तिघांचं मिळून पाहिलं तर तिसरा तास १८ चा आणि चौथा १२ चा आहे, खर्च मात्र १०-१०. म्हणजे दिवा चार तास पेटायला हवा होता. पाचवा तास एकूण ६ चाच, तो नको. दोन तास कमी पेटल्यानं ८ आणि २ मिळून १० एककांचा फायदा रोज रात्री हातचा जातो. कुणाचाही हिशेब चुकलेला नाही, कुणी लबाडीही केलेली नाही. पूर्ण खर्च एकाच्या खिशातून जातो आणि त्याच्या निर्णयात फक्त त्याचा स्वतःचा फायदा मोजला जातो, एवढ्यानंच हे घडतं.

४. ही बेरीज सार्वजनिक वस्तूंसाठीच का? धान्याच्या बाबतीत तर आपण असं मोजत नाही.

कारण धान्याचा एक किलो एकाच घरात जातो. तो त्या घराला खर्चाइतका मोलाचा असला की पुरे. दिव्याचा एक तास मात्र तिघंही पूर्णच्या पूर्ण वापरतात, म्हणून त्या एका तासाचं मोल काढताना तिघांची मोलं एकावर एक रचावी लागतात. ही अट अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये गणिती स्वरूपात मांडली: सर्वांच्या सीमांत मोलांची, म्हणजे पुढच्या एका तासाच्या मोलांची, बेरीज त्या तासाच्या खर्चाला, म्हणजे सीमांत खर्चाला, भिडते तिथे थांबा. आलेखात धान्याच्या मागणीरेषा आडव्या दिशेनं मिळवतात आणि सार्वजनिक वस्तूंच्या उभ्या दिशेनं. परीक्षेत सर्वात जास्त चुका इथेच होतात.

५. ज्याला जितका उपयोग, त्यानं तितके पैसे द्यावेत. यात अडचण काय?

कल्पना उत्तम आहे. स्वीडनचे एरिक लिंडाल यांनी १९१९ मध्ये तीच मांडली. आपल्या तक्त्यात अ नं तासाला ४, ब नं साडेतीन आणि क नं अडीच एकक द्यायचे ठरवले, तर बेरीज बरोबर १० होते. त्या दरात प्रत्येकाला चारच तास हवेसे वाटतात, कारण चौथा तास प्रत्येकाला दरापेक्षा जास्त मोलाचा आहे आणि पाचवा दरापेक्षा कमी. तिघांचं एकमत होतं आणि खर्चही पूर्ण निघतो.

पण हे दर ठरवायचे तर प्रत्येकाचं खरं मोल कळायला हवं, आणि ते त्यालाच विचारावं लागणार. समजा क म्हणाला, "मला दिव्याचा काहीच उपयोग नाही." आता अ आणि ब यांचीच बेरीज धरायची. तिसऱ्या तासाला ती १४ येते, चौथ्याला ९. दिवा तीन तास पेटतो आणि क ला एक छदामही न देता ६, ५ आणि ४ मिळून १५ चा फायदा होतो. खरं बोलला असता तर त्याला चार तासांतून १८ चा फायदा झाला असता, पण १० द्यावे लागून हातात ८ उरले असते. खोटं बोलण्याचा नफा ७ एकक.

खरं बोलणंच फायद्याचं ठरेल अशी पद्धत एडवर्ड क्लार्क यांनी १९७१ मध्ये सुचवली. एखाद्याच्या सांगण्यामुळे सामूहिक निर्णय बदलला, तर त्यामुळे इतरांचं जेवढं नुकसान होतं तेवढा कर त्याच्यावर बसतो. खोटं बोलून मग काही मिळत नाही. पण या कराची रक्कम त्याच गटाला परत वाटली की खरं बोलण्याचं कारण पुन्हा ढिलं होतं, आणि दोघांनी आधीच संगनमत केलं तर पद्धत फसते. म्हणून ती सिद्धांतात जितकी भक्कम आहे, तितकी व्यवहारात रुळलेली नाही.

६. सगळ्यांच्याच भल्याचं असेल तर लोक आपणहून करार का करत नाहीत?

कारण "सगळ्यांच्या भल्याचं" हे नेहमी खरं नसतं, आणि याकडे बरेच लेख दुर्लक्ष करतात. अ एकटा दोन तासांचे पैसे भरत असताना ब ला फुकटात १८ आणि क ला ११ मिळतात. लिंडाल यांच्या दरानं चार तास पेटवले तर ब च्या हाती १४ उरतात, क च्या हाती ८. एकूण फायदा १० नं वाढला, तरी दोघांचं आधीपेक्षा नुकसानच! फायदा होतो तो फक्त अ चा, ५ वरून २२.

या स्थितीतून पुढे जायचं तर पहिल्या दोन तासांचा खर्च अ कडेच राहू द्यावा लागतो आणि फक्त वाढीव दोन तासांवर बोलणी करावी लागतात. त्यांचा खर्च २०. अ नं ९, ब नं ६ आणि क नं ५ दिले, तर अ आणि ब यांना प्रत्येकी ४ आणि क ला २ एककांचा निव्वळ लाभ होतो. तडजोडीला जागा आहे, पण जुना भार मोठ्यावरच राहतो. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये याच कलाकडे लक्ष वेधलं: गट लहान असला की मोठा सभासद आपल्या वाट्यापेक्षा जास्त भार उचलतो आणि लहान सभासद त्याच्या आधारानं निभावून नेतात. लष्करी युतीत मोठ्या देशाची छोट्यांबद्दलची तक्रार याच जातीची.

७. इंग्लंडमध्ये दीपगृहं खासगी होती ना? मग हा सगळा सिद्धांतच चुकीचा नाही का?

जॉन स्टुअर्ट मिल यांच्यापासून अनेक अर्थशास्त्रज्ञांनी दीपगृह म्हणजे राज्यानंच करायचं काम असं धरलं होतं. रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये जुनी कागदपत्रं पुढे आणून दाखवलं की इंग्लंडमध्ये खासगी व्यक्तींनी दीपगृहं बांधली, चालवली आणि त्यातून नफाही कमावला. हे खरं आहे. पण पैसे कसे वसूल होत होते, ते नीट पाहायला हवं.

दीपगृह बांधणारा आधी राजाकडून सनद मिळवायचा. कुठल्या जहाजांकडून किती शुल्क घ्यायचं, ते त्या सनदेत असायचं. वसुली समुद्रावर होत नसे, बंदरात होत असे, आणि ती बहुधा जकात अधिकारी करत. जहाज ज्या बंदरातून निघालं किंवा जिथे आलं त्यावरून ते वाटेत कुठल्या दिव्यांजवळून गेलं असणार, हे ठरायचं आणि तेवढं शुल्क लागायचं. म्हणजे उजेडापासून कुणाला वगळता येत नव्हतं, पण बंदरापासून वगळता येत होतं. वगळता न येणारी वस्तू वगळता येणाऱ्या वस्तूला बांधून टाकली होती, आणि ती गाठ राज्याच्या अधिकारानं मारलेली होती. डेव्हिड व्हॅन झँट यांनी १९९३ मध्ये नेमका हाच मुद्दा धरून कोस यांच्या निष्कर्षाला हरकत घेतली.

१८३६ च्या कायद्यानं इंग्लंडमधली उरलेली खासगी दीपगृहं विकत घेण्याचा अधिकार ट्रिनिटी हाउस या संस्थेला मिळाला. १५१४ च्या शाही सनदेतून उभी राहिलेली ही जुनी संस्था. वेल्सच्या किनाऱ्याजवळचं स्केरीज दीपगृह सर्वात महाग पडलं, सुमारे ४ लाख ४५ हजार पौंडांना. एवढी किंमत दिव्याच्या वातीची किंवा तेलाची नव्हती. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेण्याच्या हक्काची होती. आमच्या मते या वादातून शिकण्यासारखं आहे ते इथेच: वस्तू खासगी हातात होती, पण फुकट्यांचा प्रश्न सुटला तो राज्यानं दिलेल्या वसुलीच्या हक्कामुळे.

तरी गळती होतीच. त्या देशातल्या बंदरात न थांबता जाणारं परदेशी जहाज उजेड फुकट वापरायचं.

८. आता दूरचित्रवाणीच्या संकेतबद्ध प्रक्षेपणामुळे पैसे न देणाऱ्याला सहज वगळता येतं. मग प्रश्न संपला का?

निम्माच संपला. वसुली जमते, म्हणून खासगी कंपनी पुढे येते. पण पहिली कसोटी तशीच राहते: आणखी एका माणसानं कार्यक्रम पाहिला तर वाढीव खर्च शून्य असतो. समजा, महिन्याला ८ एकक शुल्क आहे आणि एखाद्याला तो कार्यक्रम ५ एककांचाच वाटतो. तो घेणार नाही. त्याला दाखवायला काहीही खर्च नव्हता, तरी ५ एककांचं समाधान वाया गेलं. आधी पुरवठा अपुरा होता, आता वापर अपुरा आहे.

वगळता येतात पण एका मर्यादेपर्यंत वाटून घेता येतात, अशा वस्तूंना क्लब-वस्तू म्हणतात. जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मध्ये त्यांचा सिद्धांत मांडला. पोहण्याचा तलाव हे सोपं उदाहरण: गर्दी होईपर्यंत एका सभासदामुळे दुसऱ्याचं काही बिघडत नाही, आणि दाराशी पास तपासता येतो.

९. समुद्रातले मासेही कुणाला अडवता येत नाहीत. तीही सार्वजनिक वस्तू का?

नाही. एकानं पकडलेला मासा दुसऱ्याला मिळत नाही, म्हणजे पहिली कसोटी (प्रश्न १) तिथे लागू होत नाही. तो सामाईक साठा. तिथला रोग उलटा आहे: दिवा कमी पेटतो, मासे जास्त पकडले जातात. उपायही वेगळे.

१०. पण प्रत्यक्षात लोक वर्गणी देतात, रक्तदान करतात. सिद्धांत माणसाला फारच स्वार्थी समजत नाही का?

ही हरकत रास्त आहे आणि ती प्रयोगशाळेत तपासली गेली आहे. नेहमीचा प्रयोग असा: चार जण, प्रत्येकाकडे २० टोकन. प्रत्येक जण गुपचूप ठरवतो की किती टोकन स्वतःकडे ठेवायची आणि किती सामाईक पेटीत टाकायची. पेटीतल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही ०.४ मिळतात. म्हणजे एक टोकन टाकलं की गटाला १.६ मिळतात, टाकणाऱ्याला मात्र ०.४ च.

चौघांनी सगळी टोकनं टाकली तर प्रत्येकाला ३२. तिघांनी टाकली आणि एकानं काहीच टाकलं नाही, तर त्या एकाला स्वतःचे २० आणि पेटीतले २४ मिळून ४४. उरलेल्यांना २४-२४. स्वार्थाचा हिशेब शून्य टाका असं सांगतो. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत लोक साधारण ४० ते ६० टक्के टोकनं टाकतात. मग तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळवला की आकडा फेरीगणिक घसरत जातो.

ही घसरण सगळे एकाएकी स्वार्थी झाल्यामुळे होत नाही. बऱ्याच लोकांची तयारी अटीवर असते: इतर देत असतील तर मी देईन. दोन-तीन फुकटे दिसले की तेही हात आवरतात. अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंना स्वतःचे पैसे खर्चून फुकट्याला दंड करण्याची मुभा दिली, तेव्हा योगदान वर चढलं. त्यामुळे वर्गणी गोळा करणाऱ्यानं सुरुवातीचा उत्साह पाहून पुढचा अंदाज बांधू नये. कोण देतं आणि कोण देत नाही हे गटाला दिसतं का, हे आधी पाहावं.

११. सरकारविना पैसे जमवण्याचा भरवशाचा मार्ग कोणता?

किमान रकमेची अट घातलेला करार. आधी लक्ष्य जाहीर करायचं, मुदत ठरवायची, आणि त्या तारखेपर्यंत रक्कम जमली नाही तर सगळ्यांचे पैसे पूर्ण परत करायचे. "मी दिले आणि बाकीच्यांनी दिलेच नाहीत तर?" ही भीती त्यानं जाते.

पण ती एकच भीती जाते, "मी न देताही जमेल" हा मोह राहतो. प्रश्न ६ मधले वाढीव दोन तास पाहा. लक्ष्य २०. अ ला त्यांचं मोल १३ आणि ब ला १०, दोघांचं मिळून २३. क गप्प बसला तरी ते दोघं २० जमवू शकतात, हे क ला दिसतं. ज्याच्यावाचून लक्ष्य गाठता येणार नाही, तोच या करारात मनापासून देतो. हजार जणांच्या गटात असा जवळपास कुणीच नसतो.

अ‍ॅलेक्स टॅबरॉक यांनी १९९८ मध्ये यावर एक सुधारणा सुचवली: लक्ष्य हुकलं तर देणाऱ्यांना मूळ पैशांवर थोडी भरपाईही द्यायची. मग करार फसला तरी देणारा फायद्यातच राहतो. भरपाईचा धोका योजना उभारणाऱ्यानं पत्करायचा, म्हणून त्याला मागणीचा अंदाज चांगला असावा लागतो.

१२. म्हणजे शेवटी सरकारनं कर लावून पुरवावं, हेच उत्तर ना?

कर लावला की फुकटे संपतात, पण दोन नवे हिशेब उभे राहतात. पहिला: कराचा स्वतःचा खर्च असतो. वसुलीला माणसं लागतात, शिवाय कर टाळण्यासाठी लोक आपलं वागणं बदलतात. समजा १ एकक गोळा करताना समाजाला एकूण १.२५ चा भार पडतो. मग १० चा तास खरा साडेबाराला पडला. चौथ्या तासाचं एकूण मोल १२ च आहे. आता तीन तासांवर थांबणं योग्य.

दुसरा: सरकारलाही मोलं माहीत नसतात (प्रश्न ५). लोकांना विचारलं आणि वाढीव कर भरावा लागणार नाही असं वाटलं, तर ते मोल फुगवून सांगतात. भरावा लागेल असं वाटलं तर घटवून सांगतात. त्यामुळे सरकार कमीच पुरवेल असं नाही, गरजेपेक्षा जास्तही पुरवू शकतं.

१३. जिथे सगळ्यात कमकुवत सभासदावरच सगळं अवलंबून असतं, तिथेही हाच हिशेब लागू होतो का?

नाही. आतापर्यंत योगदानांची बेरीज होत होती. बेटाभोवतीच्या बांधाचं तसं नाही. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत बांध घालत असेल, तर पाणी सर्वात बुटक्या ठिकाणाहून आत येतं. इतरांनी आपला बांध कितीही उंच केला तरी उपयोग नाही. इथे दुसऱ्याच्या जिवावर बसण्याचा मोह कमी असतो, कारण माझा बांध बुटका राहिला तर मीच बुडतो. धोका असतो तो ज्याला ऐपतच नाही त्याचा.

देवीच्या रोगाचं निर्मूलन असंच होतं. जोवर एका देशात विषाणू फिरत होता, तोवर बाकी सगळ्यांनाही तो पुन्हा शिरण्याचा धोका होता. जागतिक आरोग्य संघटनेची नेटाची मोहीम १९६७ मध्ये सुरू झाली. नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झालं. अशा वस्तूंमध्ये ऐपत असलेल्यानं दुसऱ्याच्या हद्दीतला बांध स्वतःच्या पैशानं उंच करून देणं हा त्याच्या स्वतःच्याच फायद्याचा व्यवहार असतो. प्रश्न ३ मधला अ तिसऱ्या तासाला हात आखडता घेतो. इथे त्यानं तसं केलं तर स्वतःच्या बांधावर आधी घातलेले पैसेही पाण्यात जातात.